वणी गाव की वणी माणूस?

आमच्या क्षेत्रातल्या एका कामाला इंग्रजीत NER म्हणतात. मजकुरातली नावं ओळखायची आणि प्रत्येक नाव माणसाचं, ठिकाणाचं की संस्थेचं ते सांगायचं. मी यवतमाळचा, त्यामुळे पहिल्या वर्षी ही तीन अक्षरं वाचली की डोळ्यांसमोर दारव्ह्याशेजारचं आमचं नेर यायचं. विनोद म्हणून ठीक आहे, पण नंतर माझं काम अडकलं ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावाने. ते गाव म्हणजे वणी.

झालं असं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचे जीव गेले. त्या काळातल्या इंग्रजी आणि मराठी बातम्यांवरून तालुकावार नकाशा काढायचा, कुठल्या तालुक्याबद्दल किती छापून आलं ते बघायचं, असं एक छोटं काम मी हाती घेतलं होतं. तालुके सोळा. नावं ओळखणारं एक तयार साधन घेतलं, बातम्या त्यातून काढल्या, ठिकाणांची मोजणी केली. पंधरा तालुके नकाशावर कमीजास्त रंगले आणि वणी जवळजवळ कोरं राहिलं. गावाकडच्या कुणालाही हे पटलं नसतं. फाइल उघडून बघितल्यावर कळलं की वणी गेलेलं नव्हतं, ते माणसांच्या यादीत जाऊन बसलं होतं. इंग्रजीत गाव Wani लिहितात आणि Wani हे काश्मीरमधलं अतिशय रुळलेलं आडनाव आहे. आपल्याकडचे वाणीसुद्धा इंग्रजीत बऱ्याचदा असंच लिहितात. साधनाने आयुष्यात वणी गाव क्वचित पाहिलं असणार आणि Wani आडनावाची माणसं भरपूर. त्याने बहुमताने निकाल दिला.

ही चूक कोणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून ती वाईट. साधन कुठे थांबत नाही, तक्रार करत नाही. फक्त एक तालुका कमी दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, तिथे फारसं काही घडलं नसेल.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, ही इंग्रजीची अडचण, मराठीत वणी वेगळं, वाणी वेगळं, काश्मिरी वानी वेगळं, काना आणि ण-न सगळं सांगून टाकतात. अर्धं खरं आहे. देवनागरीत ही विशिष्ट जोडी सुटते. पण कराड घ्या. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं शहर कराड, आणि विश्वनाथ कराड यांच्यासारखी कराड आडनावाची माणसं. भोर घ्या, पुणे जिल्ह्यातलं जुन्या संस्थानाचं गाव आणि जुन्नरकडचं आडनाव. इथे एका मात्रेचाही फरक नाही. इंग्रजीसारखी मोठी अक्षरं आपल्याकडे नाहीत, आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण माणूस आणि गाव दोघांनाही ती लागलीच असती.

यावर प्रकल्प-अहवालांत नेहमी दिसणारा उपाय म्हणजे गावांची यादी. जनगणनेतली गावं घ्या, मजकुरातला शब्द यादीत सापडला की ठिकाण म्हणून शिक्का मारा. मला या उपायाबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. यादी फक्त एवढंच सांगते की हा शब्द गावाचं नाव असू शकतो. आपला प्रश्न नेमका तिथून पुढे सुरू होतो. आडनावांची दुसरी यादी जोडली की कराड दोन्हीकडे सापडतं आणि आपण होतो तिथेच.

मराठी वाक्य हा प्रश्न कसा सोडवतं ते बघा.

कराड येथे सभा झाली.
कराड यांनी सभा घेतली.
कराडहून गाडी निघाली.
कराडांच्या घरून फोन आला.

तुम्ही कराड हे नाव कधी ऐकलं नसतं तरी चारही ठिकाणी उत्तर बरोबर दिलं असतं. ‘येथे’, ‘-हून’, ‘-त’ किंवा ‘मध्ये’ हे जागेला लागतात. माणसाला लागतो आदर: ‘यांनी’, ‘-ांच्या’, ‘म्हणाले’. एकटा माणूस असला तरी आपण त्याला अनेकवचनात घालतो, गावाला घालत नाही. म्हणजे इंग्रजी वाचक जे संदर्भावरून, दोन वाक्यं मागेपुढे बघून ओळखतो, ते मराठीत बऱ्याचदा शब्दाच्या शेपटीतच असतं. या भाषेत नावं ओळखणाऱ्या साधनाने सगळ्यात आधी ही शेपटी शिकायला हवी.

आणि माझी टीका इथेच आहे. आपण ज्या पद्धतीने साधनं शिकवतो, ती ही शेपटी शिकवत नाही, काही वेळा उलटीच शिकवते.

भारतीय भाषांसाठी आज सगळ्यात मोठ्या माहिती-संचांपैकी एक म्हणजे नामपदम्. अकरा भाषा, त्यात मराठी, आणि तीन प्रकार: व्यक्ती, ठिकाण, संस्था. एवढा मोठा संच हातांनी खुणा करून बनवणं अशक्यच होतं, म्हणून त्यांनी समानंतर या समांतर वाक्यांच्या साठ्याचा वापर केला. इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी भाषांतर शेजारी ठेवायचं, इंग्रजीवर तयार साधनाने खुणा करून घ्यायच्या, मग कुठला इंग्रजी शब्द कुठल्या मराठी शब्दाशी जुळतो ते यंत्राने शोधून त्या खुणा मराठीवर उतरवायच्या. कल्पना हुशार आहे, आणि कोरड्या विहिरीपेक्षा गढूळ पाणी बरं हे मलाही मान्य आहे. चाचणीसाठीचा भाग माणसांनी तपासलेला आहे, हेही नोंदवतो. माझा आक्षेप शिकवण्याच्या भागाच्या पद्धतीवर आहे आणि तो एका उदाहरणात सांगता येतो. उदाहरण मी रचलेलं आहे, संचातून काढलेलं नाही.

इंग्रजी वाक्य असं धरा: Wani reported two more cases on Monday. हे वाक्य खरोखर दुहेरी आहे. वणी नावाच्या गावात दोन रुग्ण सापडले, किंवा वानी नावाच्या डॉक्टरने दोन रुग्णांची माहिती दिली. इंग्रजी साधन अंदाज करणार, आणि वर सांगितलेल्या कारणाने तो अंदाज माणसाकडे झुकणार. मराठी भाषांतरकाराला मात्र अंदाज करून चालत नाही. त्याने बातमी पूर्ण वाचलेली असते, आणि तो लिहितो: वणीत सोमवारी आणखी दोन रुग्ण आढळले. त्या एका ‘-त’ ने प्रश्न संपला. आता खूण उतरवली की मराठी बाजूला हे तयार होतं:

```
वणीत      B-PER
सोमवारी    O
आणखी     O
दोन       O
रुग्ण      O
आढळले    O
```

B-PER म्हणजे व्यक्तीच्या नावाची सुरुवात, O म्हणजे नाव नाही. नीट बघा इथे काय झालं. ज्या बाजूला माहिती कमी होती त्या बाजूचा निकाल, ज्या बाजूला माहिती जास्त होती तिच्यावर लादला गेला. आणि नुकसान एका वणीपुरतं थांबत नाही. शिकणाऱ्या प्रतिमानाने यातून हा धडा घेतला की ‘-त’ माणसाच्या नावालाही लागू शकतो. आपल्याकडचा सगळ्यात खात्रीचा पुरावा होता, तो आपणच पातळ केला.

अशी चूक सगळ्या नावांना सारखी होत नाही. मुंबई, नागपूर, दिल्ली यांना इंग्रजी साधन चुकवत नाही, त्यामुळे त्यांच्या खुणा स्वच्छ उतरतात. चुका जमतात त्या छोट्या गावांवर, आणि त्यातही ज्यांची नावं दुसरीकडच्या एखाद्या आडनावाशी जुळतात त्यांच्यावर. यवतमाळसारख्या जिल्ह्यावर काम करणाऱ्याला नेमकी तीच गावं हवी असतात.

तुमच्या हातातल्या संचात हे किती झालंय ते बघायला मोठी यंत्रणा लागत नाही. ‘येथे’ च्या लगेच आधी येणारे किंवा ‘हून’ ने संपणारे शब्द काढा, आणि त्यांतले किती व्यक्ती म्हणून खुणावलेत ते मोजा. मग उलट, ‘यांनी’ आणि ‘यांच्या’ च्या आधीचे किती ठिकाण म्हणून खुणावलेत ते मोजा. ‘हून’ बघताना ‘पाहून’, ‘राहून’ अशी क्रियापदं येतील, ती हाताने वगळावी लागतील. एक दुपार जाते. पण प्रतिमान शिकवण्याआधी घालवलेली ही दुपार नंतरचे दोन महिने वाचवते, हे स्वतःच्या खर्चाने शिकलोय.

दुसरा आक्षेप जरा तांत्रिक आहे, पण माझ्या मते जास्त मजेदार. समजा तुमच्या खुणा अगदी शुद्ध आहेत. तरी प्रतिमानाला ती शेपटी दिसते का? शब्द प्रतिमानात जाण्याआधी त्याचे तुकडे होतात. बहुभाषिक बर्टची जी uncased आवृत्ती आहे, ती मोठी अक्षरं लहान करताना युरोपीय भाषांतल्या अक्षरांवरच्या खुणाही काढून टाकते. हे काम ती युनिकोडच्या एका वर्गावरून करते, आणि दुर्दैवाने आपली एकारान्त मात्रा, उकार, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. काना आणि दीर्घ वेलांटी मात्र वाचतात. स्वतः करून बघा:

```python
from transformers import AutoTokenizer
t = AutoTokenizer.from_pretrained("bert-base-multilingual-uncased")
for w in ["मोरेंनी", "भोरांनी", "येथे"]:
    print(w, t.tokenize(w))
```

तुकडे परत जोडा. मोरेंनी ची ‘मोरनी’ झालेली दिसेल. भोरांनी चं ‘भोरानी’, आणि येथे चं ‘यथ’. आदराचं अनेकवचन आपण ज्या अनुस्वारावरून ओळखतो तो प्रतिमानापर्यंत पोचलाच नाही. ‘यथ’ ला ते पुन्हा नव्याने शिकू शकेल, तेवढं ते हुशार असतं, पण दोन वेगळी रूपं एकदा एकच झाली की कुठलाही हुशार विद्यार्थी ती वेगळी करू शकत नाही. बर्टच्या कर्त्यांनी स्वतःच अशा लिप्यांसाठी cased आवृत्ती वापरा असं सांगून ठेवलंय, आणि इंडिकबर्टच्या पानावर keep_accents=True ठेवायची सूचना आहे. तरीही प्रबंधांत uncased वापरलेली दिसते, कारण मराठीत मोठी-लहान अक्षरं नाहीत म्हणजे uncased च बरोबर असणार, हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो.

इथपर्यंत मी मराठीची बाजू घेऊन बोललो. आता मराठी जिथे स्वतःच कमी पडते ते सांगायला हवं, नाहीतर ही टीका एकतर्फी होईल.

पहिली जागा ‘-ला’. ‘भोरला पाऊस’ आणि ‘भोरला अटक’ यांत शेपटी तीच आहे. तुम्ही म्हणाल, माणूस असता तर ‘भोर यांना’ आलं असतं. बरोबर, पण आदर सगळ्यांना मिळत नाही. गुन्ह्याच्या बातमीत आरोपीचं नाव आलं की वर्तमानपत्रं बहुधा एकवचनावर उतरतात: अटक केली, त्याने सांगितलं, भोरला कोठडी. म्हणजे आदराच्या अनेकवचनावर विसंबून शिकलेलं साधन आमदार, प्राध्यापक, अध्यक्ष यांना छान ओळखेल आणि आरोपीला गाव समजेल. तसंच खेळाडूंना, आणि तसंच ज्यांना आपण सवयीने एकेरीत बोलावतो अशा सगळ्यांना. ज्याचा सामाजिक मान कमी, त्याचं नाव ओळखलं जाण्याची शक्यताही कमी. हा दोष साधनात आपण भाषेतून आणलेला आहे, आणि त्याची वेगळी चाचणी केलेली माझ्या वाचनात फारशी येत नाही.

दुसरी जागा ‘-कर’. दारव्ह्यावरून दारव्हेकर. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, इथे काही संशय नाही. पण ‘वणीकरांनी रस्ता रोखला’ हे वाचा. हे वणीकर आडनावाचे एक गृहस्थ की वणीचे रहिवासी? मथळ्यात हे नेहमी रहिवासीच असतात, ‘यवतमाळकर पाण्यासाठी त्रस्त’ म्हणजे सगळं शहर त्रस्त. आणि इथे आपला आवडता पुरावा, तो ‘-ांनी’, पूर्ण निकामी होतो. आदराचं अनेकवचन आणि खरं अनेकवचन यांचं रूप एकच आहे. ‘वणीकरांनी रस्ता रोखला’ मध्ये कृतीवरून कळतं, एकटा माणूस रस्ता रोखत नाही. ‘वणीकरांनी अर्ज भरले’ मध्ये ‘अर्ज’ किती यावरून अंदाज येतो. ‘वणीकरांनी विरोध केला’ इथे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय मलाही कळणार नाही. शिवाय रहिवासी असले तर ती खूण कुठली? ती व्यक्ती नाही, आणि ठिकाणही नाही. तीन प्रकारांच्या चौकटीत या शब्दाला जागाच नाही. L3Cube च्या पुण्याच्या गटाने केलेला महाNER हा संच या बाबतीत वेगळ्या जातीचा आहे. २५,००० मराठी वाक्यं हातांनी खुणा केलेली, प्रकारही जास्त, पदनामासाठी वेगळा प्रकार. ‘वणीचे आमदार’ मधला आमदार तिथे वेगळा निघतो, त्याचा फायदा आहेच. पण रहिवाशांचा प्रश्न प्रकार वाढवून आपोआप सुटत नाही. खुणा करायला बसण्याआधी सूचनापत्रात एक ओळ लिहून ठरवावं लागतं, आणि दोन खुणा करणाऱ्यांनी ती ओळ सारखी वाचावी लागते.

आता गुणांबद्दल. निबंधात शेवटी एक आकडा येतो आणि सगळे तोच बघतात. तो आकडा आपल्या प्रश्नाबद्दल काय सांगतो ते साध्या हिशोबाने बघू. समजा चाचणीत १,००० ठिकाणं आहेत आणि त्यांतली १५ आडनावांशी जुळणारी. साधनाने त्या १५ पैकी एकही ओळखलं नाही, बाकी सगळी ओळखली. तरी १,००० पैकी ९८५ सापडली, म्हणजे ९८.५ टक्के. हा आकडा छापून कोणीही खूश होईल. आपल्या प्रश्नावर गुण शून्य आहेत.

म्हणून चाचणी वेगळी लागते आणि ती हाताने बनवता येते. मी असं केलं. कराड, भोर, वणी अशी दहा-बारा नावं घेतली. प्रत्येकासाठी जोडीने वाक्यं लिहिली, एकात गाव, एकात माणूस, बाकी शब्द शक्य तेवढे सारखे. जोडीतली दोन्ही बरोबर आली तरच गुण, कारण डोळे मिटून सगळीकडे ‘ठिकाण’ म्हणणाऱ्यालाही निम्मी वाक्यं फुकट मिळतात. मग त्याच वाक्यांत खरं नाव काढून कुठेच नसलेलं एक बनावट नाव घातलं आणि पुन्हा चालवलं. हा दुसरा फेरा मला जास्त शिकवून गेला. ‘कराड येथे’ बरोबर आणि बनावट नाव घातल्यावर ‘येथे’ असूनही चूक, असं झालं तर समजायचं की साधनाने कराड पाठ केलंय, ‘येथे’ वाचलेलं नाही. उलट झालं, म्हणजे बनावट नाव बरोबर आणि ‘वणी येथे’ चूक, तर ते वाचतंय, पण नावाची जुनी ओळख वाक्यावर मात करतेय. दोन्ही चुकांचा गुणपत्रिकेतला आकडा सारखाच दिसतो. उपाय मात्र वेगळे आहेत: पहिल्यात शिकवण्याच्या वाक्यांत नावांची अदलाबदल करून वैविध्य आणावं लागतं, दुसऱ्यात त्या विशिष्ट नावांची दोन्ही अर्थांची वाक्यं शोधून घालावी लागतात.

माझ्या नकाशाचं पुढे काय झालं, तर इंग्रजी बातम्यांसाठी मी एक अगदी गावठी नियम केला. Wani च्या आसपास त्याच बातमीत Maregaon, Rajura, Warora, Arni यांपैकी काही आलं, किंवा लगेच पुढे tehsil, taluka असे शब्द आले, तर ते ठिकाण. राजुरा आणि वरोरा चंद्रपूर जिल्ह्यातले, पण वणी आणि आर्णी हे विधानसभा मतदारसंघ चंद्रपूर लोकसभेत येतात, त्यामुळे राजकीय बातम्यांत ही नावं एकत्र दिसतात. शहराबाहेरच्या माणसाला हे सुचलं नसतं. मार्गदर्शकांनी विचारलं, हा नियम दुसऱ्या जिल्ह्याला चालेल का? नाही चालणार, आणि मी तसंच लिहिलं. अणे यांच्या चरित्रातल्या ‘१८८० मध्ये वणी येथे जन्म’ अशा एकट्या वाक्यात शेजारी कुठलंच गाव नसतं, तिथे तो मराठीतही चालत नाही आणि इंग्रजीतही. सुदैवाने तिथे ‘येथे’ आणि at असतात.

नियमात न बसलेल्या बातम्या मी हाताने वाचल्या. तरीही काही राहिल्या ज्यांत पूर्ण बातमी वाचून ठरेना, कारण हाताशी फक्त मथळा होता. त्या मी कुठल्याच तालुक्यात टाकल्या नाहीत. नकाशाखाली ‘अनिश्चित’ म्हणून वेगळा आकडा दिला. सादरीकरणात एका परीक्षकांनी तो काढून टाका, नकाशा स्वच्छ दिसेल, असं सुचवलं. मी ठेवला.